एकाच अर्ध्या तासाचा डिमांड चार्ज

"मोटर सुरू होताना पाच-सहा सेकंद करंट उसळतो, त्याचाच महिनाभर डिमांड चार्ज बसतो का?"

नाही, मोटरला उगाच दोष देऊ नका. मीटर क्षणाचा करंट धरत नाही, ठरावीक वेळेची सरासरी धरतो, आणि महिन्यातल्या सगळ्यात मोठ्या सरासरीवर डिमांड चार्ज बसतो. आमच्या मीटरला ही वेळ ३० मिनिटांची आहे. १५ एचपीचा कॉम्प्रेसर सुरू होताना सहा सेकंद ७० केव्हीए जादा ओढत असला, तरी १८०० सेकंदांत पसरल्यावर ते पाव केव्हीएसुद्धा भरत नाही.

आम्हाला फटका बसला तो वेगळ्याच कारणाने. एरवी आमची डिमांड ३२ केव्हीएच्या आसपास असते. एका सकाळी लाइट गेली, दहाला आली आणि पोरांनी पावडर कोटिंगची भट्टी, कॉम्प्रेसर, लेथ सगळं एकदम लावलं. भट्टीचे हीटर २४ किलोवॅटचे. गार भट्टी तापेपर्यंत ते एकदाही कट होत नाहीत, आणि तापायला पाऊण तास लागतो. तो एक अर्धा तास ५४ केव्हीएचा नोंदला गेला. पुढचे २५ दिवस कितीही जपून चालवलं तरी तो आकडा खाली येत नाही, बिलिंगच्या तारखेलाच रीसेट होतो. केव्हीएला ४०० रुपये धरले तरी २२ केव्हीएचे ८८०० रुपये गेले. वीज कंपनीशी केलेल्या करारातल्या डिमांडपेक्षा वर गेलात तर दंड निराळा.

मीटरचं बटण दाबत जा, एमडीच्या, म्हणजे महिन्यातल्या कमाल डिमांडच्या, आकड्यापाठोपाठ तारीख-वेळ दिसते. आम्हाला १०:३० दिसलं, तेव्हा उलगडा झाला. आता लाइट आली की आधी भट्टी एकटी, तिचा कॉन्टॅक्टर पहिल्यांदा सुटला, म्हणजे हीटर कट झाले, की मगच कॉम्प्रेसर.