डिनीचे प्रमेय: प्रतिउदाहरणांचा तक्ता करावा की सिद्धताच वाचावी?

प्रश्न (फोंडा, एमएस्सीची विद्यार्थिनी): डिनीच्या प्रमेयातील एकेक अट काढल्यास काय बिघडते, याचा तक्ता मी करीत आहे. संहत प्रांत आणि संतत सीमा या दोन्ही अटींसमोर x^n लिहिले आहे. ते चालेल का, आणि फलनांचे सांतत्य व एकदिष्टपणा यांसाठी काय घ्यावे?

मडगाव, निवृत्त प्राध्यापक: चालेल, पण प्रत्येक ओळीत प्रांत लिहाच. [0,1] वर x^n ची सीमा 1 पाशी एकदम उडी घेते, म्हणून तिथे फक्त सीमेचे सांतत्य मोडते, [0,1) वर सीमा सर्वत्र शून्य असते, तरी x^n चा लघुतम वरचा बंध प्रत्येक n साठी 1 च राहतो, म्हणून तिथे फक्त संहतता मोडते. एका ओळीत एकच अट मोडली पाहिजे, नाहीतर दोष कोणाचा हे कळत नाही. एकदिष्टपणासाठी [0,1] वर nx(1-x)^n घ्या. प्रत्येक बिंदूवर ते शून्याकडे जाते, पण x = 1/(n+1) पाशी त्याचे शिखर 1/e कडे सरकते, म्हणजे सुमारे 0.37 वर टिकून राहते. फलनांच्या सांतत्यासाठी (0, 1/n) वर 1 आणि [0,1] च्या उरलेल्या भागात 0 घ्या. हा अंतराल डावीकडून बंद केलात, तर 0 पाशी सीमा 1 होईल आणि सीमेचे सांतत्यही मोडेल.

म्हापसा: सर, मला हे पटत नाही, कारण असे तक्ते शेवटी पाठ केले जातात. सीमा शून्य धरली, तर f_n ≥ ε असलेले बिंदू एकात एक सामावलेले बंद संच बनवतात आणि संहततेमुळे त्यांतला एखादा संच रिकामा असावाच लागतो, ही सिद्धतेतील ओळ समजली की तक्त्याची गरजच उरत नाही.

पेडणे: तक्ता हवाच. त्यावरूनच कळते की एकदिष्टपणा नसेल, तर एकसमान अभिसरण होत नाही.

मडगाव, निवृत्त प्राध्यापक: तसे नाही. [0,1] वर (-1)^n x/n एकदिष्ट नाही, तरी शून्याकडे एकसमान जाते. अट काढली की हमी जाते. निष्कर्ष खोटाच ठरतो असे नाही. म्हापशाच्या मित्राची ओळ मात्र मी तक्त्यातच घालीन: [0,1) वर x^n ≥ 1/2 असणारे बिंदू प्रत्येक वेळी मिळतात, पण सर्व n साठी समाईक असा एकही नाही. सिद्धता नेमकी तिथे अडते.

वास्को: परीक्षेत माझे प्रतिउदाहरण बरोबर होते, पण बाकीच्या अटी पाळल्या जातात हे दाखवले नाही म्हणून गुण कापले गेले. तक्त्यात तेवढी जागा ठेव.

म्हापसा: ते तपासायला सिद्धताच उघडावी लागेल, म्हणून माझे मत कायम आहे. शिवाय फलनांच्या सांतत्याची ओळ ती अट पूर्णपणे काढता येत नाही एवढेच सांगते. ती सौम्य करता येईल का, हे बंद संचांच्या त्या ओळीतच शोधावे लागेल.