मदत हवी आहे: एकाच प्रकल्पाची एनपीव्ही एका पद्धतीने अधिक, दुसऱ्या पद्धतीने उणे. चूक कुठे?

ओलेती_शाई:
एका प्रकल्पाचं मूल्यांकन करतेय. आकडे लाखांत आहेत. आज ८५० गुंतवायचे, पुढची चार वर्षं दरवर्षी सरासरी ४०० येतील आणि पाचव्या वर्षी जागा साफ करून परत द्यायला सरासरी ५५० खर्च येईल. बिनजोखमीचा दर ६ टक्के, प्रकल्पाच्या जोखमीसाठी आमच्याकडे १४ टक्के धरतात.

१४ टक्क्यांनी सगळं आजच्या किमतीत आणलं तर एनपीव्ही +३० येते. मग सर्टन्टी इक्विव्हॅलंटने केलं. चार वर्षांच्या ४०० ला अनुक्रमे ०.९३, ०.८६, ०.८० आणि ०.७५ ने गुणलं, शेवटच्या खर्चाला १ धरला (तो तर करावाच लागणार) आणि सगळ्याला ६ टक्के लावले. एनपीव्ही −९८! साहेब म्हणतात, दोन्ही पद्धतींचं उत्तर सारखंच यायला हवं. गुरुवारी बैठक आहे.

नदीकाठ:
परीक्षेत पद्धत सांगितलेली नसेल तर डिस्काउंट रेटवालीच लिहा, पायऱ्या कमी लागतात. आम्हाला सरांनी तेच सांगितलं होतं.

ओलेती_शाई:
परीक्षा नाही हो, कामातला खराखुरा प्रकल्प आहे.

त्रिज्या:
साहेबांचं म्हणणं एका अटीवर खरं आहे. १.०६ ला १.१४ ने भागा, ०.९३ येतं. त्याचा वर्ग ०.८६, घन ०.८०, चौथा घात ०.७५. म्हणजे तुमचे गुणक नेमके १४ टक्क्यांच्या पोटातलेच आहेत. मिळकतीची आजची किंमत दोन्हीकडे ११६५ च्या आसपास येते, तिथे भांडण नाहीच. सगळा फरक पाचव्या वर्षाचा आहे.

१४ टक्क्यांनी त्या ५५० चे आज २८६ होतात, ६ टक्क्यांनी ४११. आता २८६ म्हणजे काय ते बघा. पाचवा घात साधारण ०.७० आहे. म्हणजे तुम्ही असं म्हणताय की सरासरी ५५० चा अनिश्चित खर्च आणि पाचव्या वर्षी ठरलेले ३८२ या दोन्हींची किंमत सारखीच. कोणता कंत्राटदार ३८२ मध्ये हे काम अंगावर घेईल? जोखमीसाठी दर चढवला की येणारा पैसा लहान होतो, ते बरोबर. पण देणंही लहान होतं, आणि प्रकल्प जितका धोक्याचा तितका शेवटचा खर्च स्वस्त दिसायला लागतो.

चौकट_राजा:
म्हणून खर्चाला नेहमी ६ पेक्षाही कमी दर लावायचा. अनिश्चित खर्च म्हणजे जास्त ओझं, गुणक १ च्या वरच हवा.

त्रिज्या:
"नेहमी" शब्द काढा, बाकी पटतं. मिळकत पडते त्याच वेळी खर्च चढत असेल, तर गुणक १ च्या वर. दोन्ही एकदम चढत-उतरत असतील, तर तो खर्च थोडा आधारच देतो आणि गुणक १ च्या खाली येतो. दोन्हींचा संबंधच नसेल तर १ च्या जवळ. नुसती अनिश्चितता बघून गुणक ठरत नाही.

पाऊलवाट:
आमचं थोडं वेगळं आहे. पहिली दोन वर्षं चाचणी, ती जमली तर पुढची दहा वर्षं जवळपास ठरलेलं भाडं. साहेब बाराही वर्षं १८ टक्के लावतात.

त्रिज्या:
एकच चढा दर म्हणजे जोखीम दरवर्षी त्याच वेगाने साचत जाते असं गृहीत धरणं. रोबिचेक आणि मायर्स यांनी १९६६ मध्येच हे दाखवलं होतं. तुमची जोखीम चाचणीतच संपते. चाचणी जमण्याची शक्यता वेगळी मांडा आणि त्यापुढच्या भाड्याला कमी दर लावा. आणखी विचारायचं असेल तर वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

ओलेती_शाई, एक सावधगिरी. गुणक लावून झालेल्या आकड्यांना कोणी पुन्हा १४ टक्के लावायला सांगितलं तर ऐकू नका. जोखीम दोनदा कापली जाते.

ओलेती_शाई:
खूप आभार. पण खर्चाचा गुणक नेमका किती, हे बैठकीत विचारणारच.

त्रिज्या:
उलटीकडून जा. मिळकतीतून ८५० वजा जाता साधारण ३१३ उरतात. ६ टक्क्यांनी ते पाचव्या वर्षी ४२० च्या आसपास होतात. म्हणजे गुणक ०.७६ च्या खाली असेल तरच प्रकल्प तरतो. बैठकीत एवढंच विचारा, की सफाईचं हे काम कोणी आज पक्क्या ४२० च्या बोलीवर घेईल का?

ओलेती_शाई:
हे पटलं. फक्त एक गोष्ट आत्ता लक्षात आली. ज्या वर्षी काम जास्त, त्या वर्षी मिळकतही जास्त आणि जागाही जास्त खराब होते. मग गुणक १ च्या खालीच ना?

चौकट_राजा:
पण सफाईचे दर कामावर थोडेच ठरतात? नियम कडक झाले की काम कमी असूनही खर्च चढतो.

त्रिज्या:
दोन्ही खरं असू शकतं. ५५० मधला कामाच्या प्रमाणात बदलणारा भाग किती आणि नियमांमुळे लागणारा किती, हे फोडून मिळेल का?

ओलेती_शाई:
साइटवाल्यांना विचारते. अंदाजपत्रकात एकच रक्कम आहे.