मदत हवी आहे: युनिट्स गुणिले एनएव्ही केलं तर स्टेटमेंटमधली रक्कम येत नाही

मंजिरी_सांगली: बाबांच्या म्युच्युअल फंडांचं 31 तारखेचं स्टेटमेंट वितरकाकडून आलंय. निवृत्तीचे पैसे आहेत, म्हणून कॅल्क्युलेटर घेऊन बसले. दोन ओळी जुळेनात.

पहिला फंड: 1,243.517 युनिट्स, एनएव्ही 48.32. गुणाकार 60,086.74, छापलंय 60,082.02.
दुसरा, परदेशी शेअर्सचा: 812.406 युनिट्स, एनएव्ही 31.45. गुणाकार 25,550.17, छापलंय 25,384.44.

पैसे कुठे गेले?

नाना_ठाणे: स्टॅम्प ड्युटी कापतात ना आता, 2020 पासून. तीच असणार.

अविनाश_के: नाना, ती खरेदीच्या वेळी कापतात. 5,000 भरले की 25 पैसे जातात आणि उरलेल्या 4,999.75 चे युनिट्स मिळतात. व्हॅल्युएशनशी तिचा संबंध नाही.

मंजिरीताई, उलटा भागाकार करा. पहिल्या ओळीत 60,082.02 भागिले 1,243.517 म्हणजे 48.3162. खरा एनएव्ही हाच असणार, छापताना दोनच दशांश ठेवलेत. दोन दशांशांमुळे एका युनिटमागे जास्तीत जास्त अर्धा पैसा चुकतो, म्हणजे तुमच्या युनिट्सवर साधारण 6 रुपये 22 पैसे. तुमचा फरक 4.72 आहे, पैसे गेलेले नाहीत.

दुसऱ्या ओळीत हीच मर्यादा 4 रुपयांच्या आसपास येते आणि फरक 165.73 आहे. तिथे हे उत्तर चालणार नाही. उलटा भागाकार 31.246 येतो. amfiindia.com वर त्या फंडाचे जुने एनएव्ही मिळतात, 31.246 कुठल्या तारखेचा ते बघा. प्लॅन आणि ग्रोथचा पर्याय बाबांचाच निवडा, डायरेक्ट आणि रेग्युलरचे आकडे वेगळे असतात.

शुभा_पुणे: माझ्याकडे एक्झिट लोडमुळे असंच झालं होतं, विकताना कमी पैसे आले.

अविनाश_के: तो विकतानाच लागतो, शुभाताई. इथे विक्री झालेली नाही.

मंजिरी_सांगली: बघितलं! 31.2460 हा 30 तारखेचा आहे. 31 चा 31.4520. म्हणजे एनएव्ही एका दिवसाचा छापलाय आणि रक्कम दुसऱ्या दिवसाची!

अविनाश_के: मग खरी रक्कम 25,551.79. परदेशी गुंतवणुकीच्या फंडांचा एनएव्ही उशिरा येतो, त्यामुळे रकमेचा रकाना आधी भरला गेला असेल. पण ते वितरकच सांगेल. फंड कंपन्यांचं एकत्रित स्टेटमेंट मागवा. त्यात युनिट्सही 812.406 च असतील तर बाबांचे पैसे शाबूत आहेत. युनिट्स वेगळे निघाले तर मात्र लगेच लेखी तक्रार करा.

मंजिरी_सांगली: ईमेलवर मागवलंय. वितरकालाही दोन्ही तारखांचे आकडे पाठवलेत, अजून उत्तर नाही. आलं की इथेच लिहिते.