'संशय' की 'चाहूल'? (स्टेल्थ गेमच्या संगीतकाराला द्यायचं टिपण)

अर्धविराम:
आम्ही एक छोटा स्टेल्थ गेम करतोय. पहारेकऱ्यांची नजर चुकवत पुढे सरकायचं, मारामारी जवळजवळ नाहीच. संगीतकाराला द्यायचं टिपण मी मराठीत लिहिलं, कारण आम्ही दोघं मराठीतच बोलतो. चार अवस्था लिहिल्या: शांत, संशय, शोध, पाठलाग. प्रत्येकीपुढे दोन-दोन ओळी.

आलेलं संगीत वाईट नव्हतं, पण भलतंच होतं. 'शांत'साठी संथ बासरी, ऐकता ऐकता डोळा लागावा अशी. 'संशय'साठी खुनशी सुरावट, जणू कोणी कुणाच्या पेल्यात विष कालवतंय. मला हवा होता तो क्षण असा: पहारेकऱ्याच्या कानावर काहीतरी पडलंय, तो थबकलाय, पण मान अजून वळवलेली नाही. सहकारी म्हणतो, 'संशय'च बरोबर, गेमवाले या अवस्थेला सस्पिशसच म्हणतात. मला पटत नाही. तुम्ही काय लिहिलं असतं?

शब्दवेल्हाळ:
संशय माणसावर घेतात हो, आवाजावर नाही. नोकरावर संशय, नवऱ्यावर संशय. त्यात आधीपासूनची ओळख आणि थोडं विष असतंच, तुमच्या संगीतकाराने ते अचूक पकडलं. पहारेकऱ्याला लागते ती चाहूल. कोण आहे ते माहीत नाही, कोणीतरी आहे एवढंच.

आणि 'शांत' तर काढाच. शांत म्हटलं की जीव निवांत होतो. तुम्हाला 'सामसूम' हवंय. सामसूम असते तेव्हा कान टवकारलेले असतात.

कळफलक:
'शुकशुकाट' जास्त चांगला नाही का?

शब्दवेल्हाळ:
शुकशुकाटात माणसंच नसतात. इथे पहारेकरी आहेत.

ठेका:
मी गेममध्ये संगीत बसवण्याचं काम करतो. 'चाहूल' छानच, पण त्याआधी एक विचारतो: चाहूल लागते कोणाला? पहारेकऱ्याला. त्या क्षणी त्याच्या मनात फार तर कुतूहल असतं. खेळाडूच्या पोटात मात्र गोळा आलेला असतो. तुमच्या चारही शब्दांत पहारेकऱ्याचं मन आहे आणि संगीत ऐकणार खेळाडू. म्हणून दोन रकाने करा. डावीकडे पहारेकरी काय करतोय, उजवीकडे खेळाडूला काय वाटावं. 'चाहूल' डावीकडे, 'धाकधूक' उजवीकडे. संगीतकाराने चाल बांधायची ती उजव्या रकान्यावरून.

एक अवस्था तुम्ही विसरलात. पाठलाग संपल्यावर काय? 1998 च्या मेटल गिअर सॉलिडमध्ये पाठलाग चुकवून लपलात की 'इव्हेजन' सुरू होतं आणि एक आकडा उतरत जातो. त्या अवस्थेला तुमच्याकडे शब्दही नाही आणि संगीतही नाही.

मृद्गंध:
तिला 'निवळणे' म्हणा. गढूळ पाणी निवळतं तसं.

ठेका:
वा, हा शब्द मी उचलणार. त्यात वेगही आला. गढूळ व्हायला क्षण पुरतो, निवळायला वेळ लागतो. संगीतानेही तसंच वागायला हवं: चढताना झटकन, उतरताना आठ-दहा सेकंद घेऊन. नाहीतर खेळाडू खांबाआडून दोनदा डोकावला की संगीत दोनदा वर-खाली होतं, दिव्याचं बटण कोणी खेळवत बसल्यासारखं.

कळफलक:
एवढं कशाला? पाच अवस्थांच्या पाच चाली करायच्या आणि एकीतून दुसरीत हळूहळू सरकवायचं. मी असंच केलंय, चालतं.

ठेका:
पाचही चालींची लय आणि स्वर एकच असतील तर चालतं. नसतील तर सरकवताना मधली दोन सेकंद दोन बँडबाजे समोरासमोर आल्यासारखी होतात. म्हणून पुष्कळदा चाल एकच ठेवतात आणि तिचे थर वेगळे करून घेतात. सामसूमला फक्त खालचा दबलेला स्वर. चाहूल लागली की त्यावर एक ठोका. शोध सुरू झाला की तंतुवाद्यं, पाठलागाला सगळं. थर सगळे एकाच लांबीचे, एकाच वेळी सुरू झालेले. कोणता ऐकू यावा एवढंच गेम ठरवतो.

पण एक अडचण राहते. समजा लय मिनिटाला 80 मात्रांची आहे आणि आवर्तन चार मात्रांचं. म्हणजे एक मात्रा पाऊण सेकंदाची, आवर्तन तीन सेकंदांचं. बदल आवर्तनाच्या शेवटी करायचा ठरला आणि खेळाडू पहिल्या मात्रेनंतर दिसला, तर पाठलागाचं संगीत सव्वादोन सेकंद उशिरा येणार. तोवर तो पकडला गेलेला असतो. म्हणून दिसल्या दिसल्या एक छोटा आघात वाजवायचा, लयीची वाट न बघता, आणि त्याच्या आडोशाने पुढच्या मात्रेवर थर चढवायचे. हा आघात टिपणात वेगळा मागावा लागतो. मागितला नाही तर संगीतकार तो देत नाही, त्याचा दोष नाही.

जुनाजाणता:
आघात, थर, मात्रा, हे ऐकून बरं वाटलं. नाहीतर सगळीकडे स्टिंगर, लेयर आणि लूप. अशा संगीताला 'अनुकूली संगीत' म्हणावं, अशी सूचना करतो.

कळफलक:
'अनुकूली' ऐकून मला वाटेल पहारेकरी माझ्या बाजूचे आहेत! अनुकूल म्हणजे सोयीचं. हे संगीत सोयीचं नाही, परिस्थितीप्रमाणे बदलतं.

जुनाजाणता:
मग 'परिस्थितीप्रमाणे बदलणारं संगीत' असं दर वेळी लिहिणार? वापरलात की रुळेल.

शब्दवेल्हाळ:
पण संगीतकाराला 'लूप' लगेच कळतं. टिपण त्याच्यासाठी आहे, शब्दकोशासाठी नाही.

पडद्यामागे:
मी नाटकांना पार्श्वसंगीत देते. आमच्याकडे असल्या अवस्था नसतात. नट दाराशी आला की मी बोट दाबते. तुम्हीही पहारेकरी किती सेकंदांनी वळणार ते लिहून द्या ना, संगीतकार नेमकं तेवढंच बांधेल.

अर्धविराम:
तेच तर माहीत नसतं. एक खेळाडू पेटीमागे चार मिनिटं बसून राहतो, दुसरा वीस सेकंदांत पकडला जातो.

पडद्यामागे:
अच्छा, मग तुमचा नट रोज वेगळा येतो. तरी एक अनुभव सांगते. एका प्रयोगात मी रहस्यासाठी लाकडी टकटक वापरली. आतल्या नटाला वाटलं कोणी दार वाजवतंय, तो आलाच बाहेर.

ठेका:
हसू नका, हे अगदी कामाचं आहे. स्टेल्थमध्ये पावलांचा आवाज हीच खेळाडूची मुख्य माहिती. आमच्या एका संगीतकाराने चाहुलीच्या थरात लाकडी ठोके घातले होते. चाचणीला आलेली माणसं ठोका आला की भिंतीला चिकटायची आणि नसलेल्या पहारेकऱ्याची वाट बघत बसायची. शेवटी तो ठोका खूप खालच्या स्वरात नेला, छातीत धडधडल्यासारखा. तेव्हा 'पावलांसारखं काहीही नको' ही ओळ टिपणात पहिली लिहा.

मृद्गंध:
मला वाटतं 'चाहूल' म्हणजे 'चाल' अधिक 'हूल'. चालण्याने दिलेली हूल.

जुनाजाणता:
हूल देणे म्हणजे फसवणे. चाहूल फसवत नाही, खरं सांगते. व्युत्पत्ती अशी कानाने लावू नये.

मृद्गंध:
'कानोसा' तरी कानावरूनच आला ना?

शब्दवेल्हाळ:
कानोसा आपण होऊन घेतात, चाहूल आपोआप लागते. खरं तर पहारेकरी थबकून ऐकतो तेव्हा तो कानोसाच घेत असतो. म्हणजे चाहूल एका क्षणाची आणि त्यापुढचा कानोसा?

ठेका:
मग चाहूल हा आघात झाला आणि कानोसा हा थर. मला चालेल.

जुनाजाणता:
मला नाही चालणार. 'चाहूल' सलगही असू शकते. पावसाची चाहूल दोन दिवस लागते.

अर्धविराम:
मी तूर्त 'चाहूल' लिहून पाठवलं. संगीतकाराचा उलट प्रश्न आलाय: फाइलचं नाव `chahul_80.wav` ठेवू की `chaahool_80.wav`?

जुनाजाणता:
हू दीर्घ आहे.

कळफलक:
'चाहुलीचा'मध्ये मात्र ऱ्हस्व होतो.