मदत हवी आहे: हेसच्या सायकलमध्ये माझं उत्तर −५९ येतंय, पुस्तकात +२२६.८ आहे

बारावी_ब
फोटो लावलाय. मैत्रिणीच्या वहीतली सायकल आहे. तिन्ही स्टेप्स घेतल्या, एक उलटी केली, तरी −५९ येतं. तीनदा करून पाहिलं. परवा पेपर आहे. कुठे चुकतंय तेवढंच सांगा, थिअरी माहीत आहे.

रानवारा
फोटोची उजवी बाजू कापली गेलीय आणि खाली तुझ्या हाताची सावली पडलीय. बाण कुठून कुठे जातात तेही नीट दिसत नाही. कशाची एन्थाल्पी काढायची आहे?

बारावी_ब
ॲसिटिलीनची. वरच लिहिलंय की.

रानवारा
ॲसिटिलीन तयार होण्याची की जळण्याची? दोन्ही निघतात. तिन्ही समीकरणं जशी आहेत तशी इथे टाइप कर, पाणी द्रव आहे की वाफ तेही लिही. आणि तू प्रत्येकाचं काय केलंस ते सांग.

बारावी_ब
तयार होण्याची. घ्या:

```
(1) C(s) + O2(g) → CO2(g)               ΔH = -393.5 kJ
(2) 2H2(g) + O2(g) → 2H2O               ΔH = -571.6 kJ
(3) 2C2H2(g) + 5O2(g) → 4CO2(g) + 2H2O  ΔH = -2599.2 kJ

2C(s) + H2(g) → C2H2(g)                 ΔH = ?
```

(१) ची दुप्पट केली, (२) तशीच ठेवली, (३) उलटी करून अर्धी केली. −७८७.० − ५७१.६ + १२९९.६ = −५९.०. पाण्याचं काय वेगळं? पाणी ते पाणी.

चिंचोका
एवढी उलटापालट कशाला? प्रॉडक्ट्स वजा रिॲक्टंट्स कर. ॲसिटिलीन −१२९९.६, डावीकडे दोन कार्बन आणि एक हायड्रोजन मिळून −१०७२.८. वजाबाकी −२२६.८. आकडा बरोबर जुळला, म्हणजे पुस्तकात चिन्ह छापताना चुकलंय.

निवृत्त_मास्तर
चिंचोका, पुस्तक बरोबर आहे. प्रॉडक्ट्स वजा रिॲक्टंट्स हे सूत्र हाताशी फॉर्मेशनचे आकडे असतील तेव्हाचं. इथले तिन्ही आकडे जळण्याचे आहेत, म्हणून ते उलटं होतं, रिॲक्टंट्स वजा प्रॉडक्ट्स. हे दोन नियम पाठ करून मुलं ऐन पेपरात त्यांची अदलाबदल करतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. त्यापेक्षा बाणावर बोट ठेवून चाला. वर डावीकडे 2C + H2, वर उजवीकडे C2H2, आणि दोघांच्या खाली 2CO2 + H2O. दोन्हीकडून बाण खाली येतात, कारण दोन्ही जळून तिथेच पोचतात. आपल्याला डावीकडून उजवीकडे जायचंय. आधी डाव्या बाणाच्या दिशेने खाली उतरलो, −१०७२.८. मग उजव्या बाणाच्या उलट दिशेने वर चढलो, म्हणून चिन्ह बदललं, +१२९९.६. बेरीज +२२६.८.

आता बाळा, तुझं −५९. हे उत्तर चुकीचं नाही, ते दुसऱ्याच अभिक्रियेचं आहे. तू घेतलेल्या तीन ओळी आकड्यांशिवाय नुसत्या बेरजेत मांड आणि दोन्हीकडचं सारखं खोड. काय उरतं ते इथे लिही.

वेल्डिंगवाले_काका
ॲसिटिलीनचं नाव वाचलं म्हणून लिहितो. माझं गॅस वेल्डिंगचं दुकान आहे. या सिलिंडरमध्ये गॅस नुसता दाबून भरत नाहीत, आत सच्छिद्र भराव असतो आणि ॲसिटोनमध्ये गॅस विरघळवलेला असतो. सिलिंडर कधीही आडवा ठेवून वापरू नका, ॲसिटोन बाहेर येतं.

बारावी_ब
काका, मला हे पेपरात नाही विचारणार.

मास्तर, बेरीज केली. हे उरलं:

```
2C + 2H2 + 1/2 O2 → C2H2 + H2O
```

एक H2 जास्त आणि उजवीकडे पाणी!

निवृत्त_मास्तर
बघ. त्या जास्तीच्या एका मोल हायड्रोजनचं पाणी झालं, त्याचे −२८५.८ तुझ्या उत्तरात शिरले. २२६.८ मधून २८५.८ वजा कर, −५९.० येतं. (२) मध्ये दोन H2 आहेत, तुला एकच हवा, म्हणून त्याला अर्ध्याने गुणायचं. आकडे मांडण्याआधी ही खोडाखोड केली की असली चूक तिथेच सापडते. O2 आणि CO2 वर लक्ष ठेवू नकोस, ते अनेक ओळींत येतात. जो पदार्थ एकाच ओळीत आहे त्यावरून गुणक ठरव: कार्बन फक्त (१) मध्ये, हायड्रोजन फक्त (२) मध्ये, ॲसिटिलीन फक्त (३) मध्ये.

शेगडी
मी हे बाँड एन्थाल्पीने करते, कुठलीच ओळ उलटी करावी लागत नाही. दोन कार्बन ग्रॅफाइटमधून सुटे करायला २ × ७१७, H–H तोडायला ४३६, एकूण १८७०. बनतात तिहेरी बंध ८३९ आणि C–H चे २ × ४१३, एकूण १६६५. फरक +२०५. चिन्ह तरी पुस्तकाशी जुळतंय.

रानवारा
शेगडी, चिन्ह जुळलं, पण बावीसेक किलोज्यूल कमी आले. ४१३ हा अनेक संयुगांमधल्या C–H चा सरासरी आकडा आहे, तिहेरी बंधाचा ८३९ही तसाच, म्हणून नेमकं उत्तर येत नाही. प्रश्नात ज्वलनाचे आकडे दिलेत, तेच वापरायचे.

शेगडी
अंदाज तपासायला तरी चालतं. उत्तर ऋण आलं असतं तर मला लगेच शंका आली असती.

निवृत्त_मास्तर
तेवढ्यापुरतं शेगडीताईंचं बरोबर आहे. आणि वेल्डिंगवाल्या काकांचं बोलणंही इथलंच आहे. +२२६.८ म्हणजे हा वायू आपल्या मूलद्रव्यांपेक्षा ऊर्जेने वर बसलेला आहे. दाब वाढला तर ऑक्सिजन नसतानाही तो फुटून कार्बन आणि हायड्रोजन होऊ शकतो, म्हणून तो भराव आणि ते ॲसिटोन.

वेल्डिंगवाले_काका
दुकानात पोरांना इतकी वर्षं नुसतं सांगत आलो. कारण आज कळलं. धन्यवाद मास्तर.

बारावी_ब
आलं, +२२६.८! चूक कुठून आली तेही सापडलं. मैत्रिणीच्या वहीत डाव्या बाणावर 2×(1) + (2) लिहिलंय, पण तिची (२) एकाच H2 ची आहे, −२८५.८. माझ्या पुस्तकात तीच दोन मोलची. मी बाणावरचं तिचं उतरवलं आणि आकडा माझा घातला.

पण तिच्या वहीत पाण्याला (g) आहे. माझ्या पुस्तकात काहीच नाही.

रानवारा
म्हणून विचारत होतो. −२८५.८ हा द्रव पाण्याचा आकडा आहे, वाफ असेल तर −२४१.८. तुझा (३) चा आकडाही द्रवाचाच आहे. दोन्हीकडे द्रव असेल तर पाणी खोडलं जातं आणि काही बिघडत नाही. पण एकीकडे वाफेचा आकडा घेतलास तर पाणी कटत नाही आणि उत्तर +२७०.८ येतं, ४४ चा फरक. तिने (g) चुकून लिहिलं असावं. तिचा (३) चा आकडा काय आहे?

चिंचोका
माझं रिॲक्टंट्स वजा प्रॉडक्ट्स मान्य. पण एका तक्त्यात ॲसिटिलीनचं +२२७.४ दिसतंय. मग पेपरात कुठलं लिहायचं?

निवृत्त_मास्तर
प्रश्नात दिलेल्या आकड्यांनी जे येईल तेच. तक्त्यांमध्ये दशांशाचा फरक असतो.

बारावी_ब
तिला मेसेज केलाय, अजून उत्तर नाही. (३) चा आकडा कळला की टाकतो.