मदत हवी आहे: खरेदीच्या बिलातून काय आणि कसं उतरवायचं, याची एक पानी सूचना सोमवारपर्यंत

खातेवही_जळगाव

नमस्कार. जळगाव एमआयडीसीत आमचा प्लास्टिक चटईचा कारखाना आहे, मी अकाउंट्स बघते. खरेदीची बिलं तीन जण चढवतात आणि एकच बिल तिघं तीन तऱ्हेने लिहितात. सोमवारपासून दोन नवीन मुलं येतायत. त्यांच्या हातात द्यायला एक पानाची सूचना हवी आहे. कुणाकडे तयार असेल तर इथे टाका. "नीट बघून लिहा" असलं नको, ते सांगून थकले. मालक रोज विचारतायत.

सातपुडा_५

ताई, टॅली की एक्सेल? बिलं कागदावर येतात की पीडीएफ? आणि तीन तऱ्हेने म्हणजे काय वेगळं येतं, नंबर, तारीख की रक्कम? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

रावेरकर

माझाही असाच त्रास आहे. केळीच्या व्यापाऱ्याकडून पट्टी येते, त्यात वजन, भाव, कटती, हमाली सगळं असतं, पण नंबर नसतोच. दोन पट्ट्या एकाच तारखेच्या आल्या की कोणती कुठल्या ट्रकची ते कळत नाही. ती हिशोबात कशी धरायची?

खातेवही_जळगाव

रावेरकर दादा, आमचा प्रश्न खरेदीच्या जीएसटी बिलांचा आहे, पट्टीसाठी वेगळा धागा काढा ना.

सातपुडा, आवक नोंद आधी एक्सेलमध्ये होते, मग टॅलीत. बिलं दोन्हीकडून येतात, पीडीएफ व्हॉट्सॲपवर आणि कागद गाडीबरोबर. वेगळं काय येतं म्हणाल तर सगळंच येतं.

भुसावळचा_भाचा

ताई, मुलांना लिहायलाच कशाला लावता? ई-इनव्हॉइसवर क्यूआर असतो. दीड-दोन हजाराचा स्कॅनर घ्या, त्याला क्यूआर उलगडणारं सॉफ्टवेअर जोडा, टिंग केलं की नंबर, तारीख, दोन्ही जीएसटी नंबर, एकूण रक्कम एकदम येते. मी आमच्या दुकानात हेच केलंय. सूचना बिचना लिहीत बसू नका.

जुना_मुनीम

भाचा, क्यूआर चांगलाच आहे, पण त्याने भागत नाही. ई-इनव्हॉइस पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांनाच लागू आहे. कारखान्याला दोरा, खोकी, बेअरिंग, गॅरेजचं काम देणारे बरेच जण त्याच्या खाली असतात, त्यांच्या बिलावर क्यूआर नसतो. आणि त्या क्यूआरमध्ये एकूण रक्कम असते, करपात्र रक्कम आणि कर वेगळे नसतात. ते डोळ्यांनीच वाचून लिहावं लागतं.

ताई, तुम्ही मूळ गोष्ट सांगत नाही आहात. मालक रोज विचारतात म्हणजे काहीतरी घडलंय. काय घडलं?

खातेवही_जळगाव

घडलं ते असं. सुरतेच्या व्यापाऱ्याकडून एक टन प्लास्टिक दाणा आला. बिलावर नंबर `GT/25-26/0047`. पीडीएफ आधी आली, ती एकाने `47` म्हणून चढवली. तीन दिवसांनी गाडीबरोबर कागद आला, तो दुसऱ्याने पूर्ण नंबर लिहून चढवला, पण तारीख दोन दिवस पुढची टाकली. टॅलीने दोन बिलं धरली. ₹१,१५,०५० दोनदा गेले. व्यापारी म्हणतो पुढच्या मालात वळते करू, पण मालक माझ्याकडे बघतात. मी सही केली होती.

जुना_मुनीम

आता समजलं. पैसे वळते होतील, पण इनपुट क्रेडिटही दोनदा घेतलंय का ते आधी बघा. जीएसटी पोर्टलवरच्या टूबी यादीत हे बिल एकदाच दिसेल, तुमच्या पुस्तकात दोनदा. दुसरं उलटवावं लागेल.

सूचनेत बावीस रकाने घालू नका, मुलं वाचणार नाहीत. तुमची गडबड नंबरात आणि तारखेत झाली आहे, त्या दोन्हींवरच जोर द्या.

नंबर छापलाय तसाच्या तसा लिहायचा. तिरकी रेघ, आडवी रेघ, सुरुवातीची शून्यं, इंग्रजी अक्षरं, सगळं. व्यापारी त्याच्या रिटर्नमध्ये जो नंबर भरतो तोच तुमच्या टूबीत येतो, आपण त्यात सुधारणा करायची नाही.

धुळे_ट्रेडिंग

मी वीस वर्षं शेवटचे आकडेच लिहितोय, कधी अडलं नाही. रक्कम आणि पार्टी जुळली की झालं. एवढा लांबडा नंबर लिहायला लावला तर मुलं उलट जास्त चुका करतील.

जुना_मुनीम

तुमच्याकडे बिलं चढवणारा एकच माणूस असेल, म्हणून अडलं नाही. ताईंकडे तीन आहेत. नंबर एका आर्थिक वर्षात एकदाच वापरता येतो, वर्ष बदललं की पुन्हा ४७ येतो. काही व्यापारी मालाची आणि मजुरीची वेगळी मालिका ठेवतात, म्हणजे एकाच वर्षात दोन ४७. नुसता `47` लिहिलात तर कोणता ते बिल काढल्याशिवाय कळणार नाही.

चुका होतात हे मात्र खरं. म्हणून पीडीएफमधला नंबर टाइप न करता कॉपी करून चिकटवायचा.

सुनंदा_ना

नंबर सोळा अक्षरांच्या वर चालत नाही हो! आमचा सतरा झाला होता तर पोर्टलने घेतला नाही. छोटी मालिका ठेवा.

खातेवही_जळगाव

सुनंदाताई, ते विक्रीच्या बिलाचं. आम्हाला आलेल्या बिलांचं हवंय.

मुनीमकाका, तारीख दोन दिवस पुढची कशी आली तेच कळत नाहीये. मुलगा शपथ घेऊन सांगतो की बिलावर तीच होती.

जुना_मुनीम

तो खरं बोलतोय. तो कागद समोर धरा. टॅलीतून छापलेलं ई-इनव्हॉइस असेल तर वर डाव्या बाजूला `IRN`, `Ack No.` आणि `Ack Date` दिसेल. ती पोर्टलने पावती दिल्याची तारीख. बिलाची तारीख `Invoice No.` शेजारी `Dated` या चौकटीत असते. व्यापाऱ्याने बिल सोमवारी केलं आणि पोर्टलवर बुधवारी चढवलं की दोन तारखा वेगळ्या होतात, आणि नजर आधी वर जाते.

एरवी दोन दिवसांचा फरक वाटतो, पण बिल ३१ मार्चचं आणि `Ack Date` २ एप्रिलची असेल तर वर्षच बदलतं.

त्याच चौकटींत ऑर्डरचीही `Dated` असते. म्हणून सूचनेत बिलाची फोटोकॉपी चिकटवा आणि लाल पेनने दोनच गोल करा, नंबर आणि त्याच्या शेजारची तारीख. शब्दांनी समजावण्यापेक्षा हे लवकर समजतं.

खातेवही_जळगाव

कागद बघितला. खरंच वर `Ack Date` आहे, तीच तारीख. त्या पोराला मी सगळ्यांसमोर बोलले. उद्या त्याला सांगते.

सातपुडा_५

एक्सेलमध्ये आवक नोंद होते म्हणालात, तिथेही बघा. नंबर `0047` टाकला की एक्सेल `47` करतं. `7/24` टाकला की त्याची तारीख करून टाकतं, आणि मग कॉलम टेक्स्ट केला तरी मूळ नंबर परत येत नाही. म्हणून लिहिण्याच्या आधी पूर्ण कॉलम टेक्स्ट करून ठेवायचा.

दुहेरी नोंद शोधायला शेजारच्या कॉलममध्ये रेघा गाळलेला नंबर करा. मूळ नंबराला हात लावायचा नाही.

```
=UPPER(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,"/",""),"-","")," ",""))
```

हा आणि पार्टीचा जीएसटी नंबर दोन्ही जुळले की थांबायचं. पण कुणी नुसतं `47` लिहिलं असेल तर हे सूत्र पकडणार नाही. त्यासाठी त्याच पार्टीची तीच एकूण रक्कम महिन्याभरात आधी आली आहे का, हेही बघा. तुमच्या केसमध्ये ते दिसलं असतं.

धुळे_ट्रेडिंग

रकमेचंच तर मी म्हणत होतो.

सातपुडा_५

रक्कम संशयासाठी चांगली आहे. एक टन दाणा त्याच भावाने दोनदा आला तर दोन खरी बिलं सारख्याच रकमेची असतील, ओळख नंबरानेच पटते.

खातेवही_जळगाव

रकमेतही घोळ आहे, ते सांगायचं राहिलं. त्याच बिलात एकाने करपात्र ₹९५,००० लिहिले, दुसऱ्याने ₹९७,५००. दाण्याखाली भाडं ₹२,५०० आहे.

धुळे_ट्रेडिंग

भाडं वेगळं काढा, ट्रान्सपोर्टच्या खात्यात. त्याच्यावर ट्रान्सपोर्टवाल्याऐवजी आपण उलटा कर भरतो, पाच टक्के.

जुना_मुनीम

ट्रान्सपोर्टवाल्याने स्वतः बिल दिलं तर तसं होऊ शकतं. इथे भाडं सुरतेच्या व्यापाऱ्यानेच त्याच्या बिलात लावलंय, त्यामुळे ते करपात्र रकमेचा भाग झालं आणि दाण्याचाच दर लागला. बिलच सांगतं बघा. आयजीएसटी ₹१७,५५० आहे. १८ टक्क्यांनी उलटा हिशोब केला तर ९७,५०० येतात. ९७,५०० आणि १७,५५० मिळून १,१५,०५०, जुळलं. ९५,००० धरले तर अडीच हजार लोंबकळत राहतात.

मुलांना एवढंच शिकवा: करपात्र अधिक कर, अधिक-उणे राउंड ऑफ, बरोबर एकूण. जुळलं नाही तर पुढे चढवायचं नाही, तुम्हाला दाखवायचं. एका बिलात दोन दर असतील तर ही बेरीज दराप्रमाणे वेगवेगळी करावी लागेल.

धुळे_ट्रेडिंग

करपात्रात धरा हे मान्य. पण टॅलीत भाडं दाण्याच्या किमतीत मिसळायचं की वेगळ्या लेजरला? आम्ही वेगळं ठेवतो, नाहीतर मालाचा भाव कळत नाही.

जुना_मुनीम

मी मिसळतो. कारखान्यात दाणा पोचेपर्यंतचा खर्च तो दाण्याचाच. पण हे ताईंच्या सीएला विचारून एकदाच ठरवावं, मुलांनी बिलागणिक ठरवू नये.

खातेवही_जळगाव

रविवारी रात्री लिहिलं. बघा:

"बिलाचा नंबर छापलाय तसा, रेघा आणि शून्यांसकट. पीडीएफ असेल तर कॉपी करा. तारीख `Invoice No.` शेजारची, `Ack Date` नव्हे. व्यापाऱ्याचा जीएसटी नंबर वरच्या, विकणाऱ्याच्या नावाखालचा घ्या. खाली २७ ने सुरू होणारा आपला आहे, तो फक्त बरोबर छापलाय का ते तपासा. करपात्र रकमेत बिलातलं भाडं आणि पॅकिंग धरा, मग बेरीज जुळवा. पीडीएफ आली तर फोल्डरमध्ये ठेवा, चढवू नका. नोंद गाडीबरोबरच्या कागदावरूनच, आणि चढवल्यावर कागदावर शिक्का. अंक वाचता येत नसेल तर अंदाज नाही, फोन करा."

सातपुडा_५

पीडीएफ चढवू नका म्हणता, मग कॉपी कशातून करणार? आणि ट्रान्सपोर्टमध्ये कागद हरवला तर?

खातेवही_जळगाव

कागद हातात आल्यावर त्याच बिलाची पीडीएफ फोल्डरमधून उघडून कॉपी करायची, असं स्पष्ट लिहिते. कागद हरवण्याचं मालकांना विचारते.

जुना_मुनीम

द्यायच्या आधी तीच दहा बिलं तिघांना वेगवेगळं बसवून चढवायला लावा, एकमेकांचं न बघता. जिथे तिघांचं वेगळं येईल ती ओळ सूचनेत कच्ची आहे असं समजा. दहांत दोन हाताने लिहिलेली आणि एक दोन दरांचं असू द्या.

खातेवही_जळगाव

आज केलं. नंबर दहाच्या दहा सारखे आले. तारखेत एक चुकलं, हाताने लिहिलेल्या बिलात `1` आणि `7` वरून. तिघांपैकी दोघांनी अंदाज केला, एकाने फोन केला. करपात्र रकमेत दोन दरांच्या बिलात तिघं तीन ठिकाणी गेले. त्या ओळीसाठी अजून एक फोटोकॉपी लागेल, ती उद्या करते. भाड्याचं सीए साहेब बुधवारी सांगणार आहेत.

रावेरकर

ताई, माझ्या पट्टीचा धागा काढलाय. मुनीमकाका, तिकडे या जरा.