सभेच्या व्हिडिओची कॅप्शन उलटीच आलीय, वाचा सगळे

सी-102 आप्पा: सेक्रेटरी भाऊ, रविवारच्या सभेचा व्हिडिओ पाह्यला. कानाला मशीन लावूनही गर्दीतलं मला ऐकू येत नाही म्हणून मी खालची अक्षरंच वाचतो. माझ्या बोलण्याखाली आलंय "हम पानी देते नहीं". मी म्हटलं होतं "आमले पानी येस नही"!

बी-204 ताई: माझं पण तेच. मी म्हटलं लिफ्टचं एएमसी यंदा रिन्यू करायला नको आधी दोन कोटेशन घ्या, आणि खाली "नको"च गायब, उद्या कोणी म्हणेल ताईंनीच हो म्हटलं.

सेक्रेटरी: माफ करा आप्पा, ताई. न तपासता टाकलं, माझी चूक. व्हिडिओ आत्ताच प्रायव्हेट केला. ए-301 भाऊ, तुम्हाला यातलं कळतं ना, बघा बरं.

ए-301: बघितलं. सुरुवातीला खुर्च्या लावताना हिंदी गाणं चालू होतं ना, तिथेच घोळ झालाय. आपण व्हिस्पर या बोलणं ऐकून लिहिणाऱ्या प्रोग्रामवर कॅप्शन केलं आणि भाषा सांगितलीच नाही, मग ते पहिल्या 30 सेकंदांवरून भाषा ठरवतं आणि पुढचा अख्खा तास त्याच भाषेत लिहीत बसतं. लिपी एकच असल्यामुळे वरवर बघितलं तर बरोबरच वाटतं. ओळखायची खूण सांगतो, "ळ" शोधा. तासाभराच्या मराठी बोलण्यात वेळ, पाळी, टाळं काहीतरी येणारच, आणि इथे एकही ळ नाही, सगळीकडे "वेल" नि "पाली", म्हणजे हिंदी धरलंय. आता भाषा सांगून परत चालवतो:

```
whisper sabha.mp4 --model large --language mr --output_format srt
```

बी-204 ताई: मग सगळं बरोबर येईल?

ए-301: नाही ताई. आत्ताच झालं. तुमचं "नको" आलं परत. पण आप्पांचं आता "आम्ही पाणी देत नाही" आलंय, कारण अहिराणी त्याला वेगळी कळत नाही, जवळचं मराठी वाक्य बनवून टाकतं. आणि खजिनदार काकांचं "सव्वादोन लाख" नुसतं "दोन लाख" झालंय. शेवटी सगळे चहाला उठले तिथे कोणी बोलत नाहीये तरी एकच ओळ सात वेळा आलीय, शांतता किंवा गाणं असलं की असं होतं, त्या ओळी सरळ काढायच्या.

डी-401: तासाभराचं सगळं ऐकायचं म्हणजे दिवस जाईल हो.

ए-301: वेळ कमी असेल तर आधी फक्त दोन गोष्टी कान लावून ऐका, एक आकडे आणि दुसरं नको, नाही, नव्हतं. मीटिंगचं मिटिंग झालं तरी वाचणाऱ्याचं काही अडत नाही, "घरासमोर" तुटून "घरा समोर" झालं तरी नाही. चुका मोजायला बसलं तर त्या तुटलेल्या एका शब्दाच्याच दोन चुका धरतात आणि गेलेल्या "नको"ची एकच, म्हणून नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. सव्वा, दीड, अडीच, साडे दिसलं की थांबून ऐकायचंच.

सेक्रेटरी: दुरुस्ती कुठे करायची? फाईल उघडली तर असं दिसतंय.

```
214
00:18:42,300 --> 00:18:46,100
आम्ही पाणी देत नाही
```

ए-301: नोटपॅडमध्येच करा. फक्त तिसरी ओळ बदलायची, वरच्या दोन्हीला हात लावायचा नाही, वेळेतला स्वल्पविराम गेला किंवा आकडे मराठी झाले की फाईल अपलोडच होत नाही. सेव्ह करताना UTF-8 ठेवा, नाहीतर सगळी मराठी जाऊन प्रश्नचिन्हं उरतात. आणि रिप्लेस ऑल जपून करा. त्याने "घ्या"चं जागोजागी "ग्या" लिहिलंय, मी एकदम बदलायला गेलो तर "आरोग्याचा"चं "आरोघ्याचा" झालं, मग अलीकडे पलीकडे जागा सोडून नुसता सुटा शब्द बदलला.

डी-401: इंग्रजी शब्दांचं काय? कुठे कोटेशन मराठीत आहे कुठे इंग्रजी अक्षरात.

ए-301: देवनागरीतच ठेवू सगळे, सारखे. वाचताना नजर अडखळत नाही.

बी-204 ताई: आणि आप्पांचं मराठी करायचं का? "आम्हाला पाणी येत नाही" असं?

सी-102 आप्पा: नको ताई. मी जे बोललो तेच लिहा. आपल्या जळगावात कोणाले कळनार नही सांगा?

ए-301: आप्पांचं बरोबर आहे. कॅप्शन म्हणजे बोललेलं, सुधारलेलं नाही. 214 नंबरला "आमले पानी येस नही" केलं. पण आप्पा, 18:51 ला तुम्ही मोटरबद्दल काहीतरी म्हटलंय, मागे पोरं ओरडताय, मला तीनदा ऐकून पण कळलं नाही, अंदाजाने लिहायचं नाहीये मला.

सी-102 आप्पा: "मोटर लवकर बंद करू नका" म्हटलं होतं. सकाळी आठच्या आत बंद करतात ना.

ए-301: टाकलं. सेक्रेटरी भाऊ, आता यूट्यूब स्टुडिओत सबटायटल्समध्ये जा, भाषा मराठी निवडा, फाईल अपलोड करा आणि तिथे With timing हेच निवडा. जुनी ऑटोवाली आधी डिलीट करा, नाहीतर लोकांना दोन्ही दिसतील.

सेक्रेटरी: खजिनदार काका, अपलोडच्या आधी तुमचे आकडे एकदा वहीशी ताडून द्या. तोवर व्हिडिओ प्रायव्हेटच राहील.